नवरा कॅमेऱ्यामागे होता

गल्लीत तिला सगळे टचवाली म्हणत. लग्नाआधीपासून ती फोटोंना टच-अप करायची. सुरुवातीला बारीक कुंचल्याने निगेटिव्हवर, नंतर संगणकावर. कुणाच्या गालावरचा डाग घालवायचा, कुणाचे मिटलेले डोळे उघडायचे, कुणाच्या टकलावरची चमक कमी करायची. समोरच्याने "जरा गोरं करा हो" म्हटलं की ती मान वर न करता सांगायची, "डाग काढून देईन, कातडी बदलून देणार नाही. ती आईबापांनी दिलीय, त्यांना विचारा." गिऱ्हाईक चिडायचं, पण परत तिच्याकडेच यायचं. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा तिचा स्वभाव, आणि हाताला मात्र विलक्षण सफाई.

नवरा फोटोवाला. लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. हट्टी इतका, की दुसऱ्याने त्याच्या कॅमेऱ्याला नुसतं बोट लावलं तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या हट्टापायीच त्याने एक असा घोळ करून ठेवला होता, जो फोटोवाल्याशिवाय दुसऱ्या कुणालाच सुचला नसता. स्वतःच्या लग्नाचे फोटो त्याने स्वतःच काढले होते.

लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध होतं. पत्रिका छापल्या नाहीत, मोजकी माणसं बोलावली, फोटो धुऊन देणाऱ्या लॅबवाल्या मित्राने एक हॉल मिळवून दिला. नवरा लग्नाच्या वेशात, गळ्यात कॅमेरा. लग्न लावणाऱ्या गृहस्थांनी दोनदा हाक मारली, "अहो, नवरदेव, इकडे या!" तो गेला, लग्न लावून घेतलं आणि पुन्हा कॅमेऱ्यामागे. मित्र म्हणाला, "दे इकडे, तुझा एक काढतो." तर हा म्हणतो, "तू हात हलवतोस." झालं. अख्खा अल्बम नवरीचा. नवरी हसतेय, नवरी जेवतेय, नवरीच्या खांद्यावर हात ठेवून सासू उभी आहे, नवरीच्या मागे धाकटा दीर वाकुल्या दाखवतोय. नवरा कुठेच नाही. पहिली काही वर्षं दोघं हा अल्बम काढून पोट धरून हसायची. पाहुण्यांना दाखवायची. "ओळखा पाहू, लग्न कुणाशी झालं?"

लग्नाची नोंदणी करायची असते हे दोघांनाही माहीत होतं. माहीत असणं आणि करणं यात किती अंतर असतं ते काय सांगायचं. "करू या की, पळून का जातंय ऑफिस?" असं तो म्हणायचा. आणि ती? ती तर त्याहून वर. "आम्ही एकत्र राहतो, एका ताटात जेवतो, एकमेकांना शिव्या देतो. आणखी कुठला दाखला पाहिजे?" तिने नावही बदललं नव्हतं. ओळखपत्रावर माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव. ते बदलावं असं तिला कधी वाटलं नाही आणि त्याने कधी म्हटलं नाही.

पहिला दणका बसला तो नवऱ्याला परदेशातल्या एका स्टुडिओत काम मिळालं तेव्हा. दोघांनी जायचं ठरलं. तिने शेजारणींचा निरोपसुद्धा घेऊन टाकला. व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने कागद चाळले आणि गोड आवाजात विचारलं, "पत्नी म्हणून व्हिसा मागताय, तर विवाह नोंदणीचा दाखला कुठाय?" टचवालीने अल्बम पुढे केला. मुलीने दोन पानं उलटली. "यात तुमचे मिस्टर कोणते?" मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मुलगी म्हणाली, "फोटो असता तरी चाललं नसतं, मॅडम. सरकारी दाखला लागतो, आणि तोही साक्षांकित करून." नोकरीची तारीख जवळ आली होती. तो एकटा गेला. दोन वर्षं ती दुकान सांभाळत इथे राहिली आणि रोज संध्याकाळी फोनवर त्याच्याशी भांडली. तो परत आल्यावर तरी नोंदणी करावी की नाही? नाही केली. परत आल्याच्या आनंदात तो विषयच मागे पडला.

मग एके दिवशी दुपारी, एका बाळाचा फोटो काढताना, त्याच्या हातातून कॅमेरा सुटला. त्याच्या हातून कॅमेरा कधी सुटत नसे, म्हणून तिने लगेच ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा अडखळली. डोकं मात्र शाबूत राहिलं, तिखटपणासकट. शब्द सापडायला वेळ लागायचा, पण सापडला की नेमका असायचा. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा झटका आला तर सांगता येत नाही.

दवाखान्यासाठी पैसे काढायला ती बँकेत गेली, तर खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. मॅनेजर माणूस चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. "त्यांची संमती असेल तर तुमचं नाव खात्याला जोडता येईल. आमचा माणूस घरी येऊन त्यांचा अंगठा घेईल, तो प्रश्न नाही. पण तुम्ही अर्जात 'पत्नी' लिहिलंय. तुमच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव, आडनाव वेगळं. नातं कशावरून धरू?"

"मी सांगतेय त्यावरून."

"मी धरतो हो. माझ्या वरचा धरणार नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "बाई, रागावू नका. खात्याचं आपण काहीतरी करू. पण दुकान कुणाच्या नावावर आहे?"

दुकान नवऱ्याच्या नावावर होतं. खाली स्टुडिओ, वर राहायच्या दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. मॅनेजरने तिला समजावून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नोंदणी केली नाही म्हणून लग्न मोडत नाही. पण नवऱ्याच्या माघारी वारस म्हणून उभं राहायचं तर, मी बायको आहे हे बायकोने सिद्ध करायचं असतं. दाखला असेल तर एक कागद पुढे करायचा. नसेल तर कोर्ट, साक्षीदार, तारखा, आणि त्यात वर्षं जातात. कुणी हरकत घेतलीच तर आणखी. "आणि नवराबायको दोघंही हयात असताना, दोघांनी समोर येऊन सह्या केल्या तरच नोंदणी होते. एकाच्या माघारी दुसऱ्याला ती करता येत नाही," तो म्हणाला.

ती घरी आली तेव्हा धाकटा दीर खाली स्टुडिओत उभा होता. हातात मोजपट्टी होती. त्याने भिंतीची लांबी घेतली, मग तिला पाहून ओशाळं हसला. "काही नाही वहिनी, सहज."

"सहज मोजायला भिंत काय पळून चाललीय, भाऊजी?"

मग तो बसला आणि मऊ आवाजात बोलायला लागला. दादाचं काही बरंवाईट झालं तर दुकान आई आणि भाऊ बघतील, तुमची आबाळ होऊ देणार नाही, वरची एक खोली तुम्हाला राहू देऊ. आत्ताच एका कागदावर सही करून टाकलीत की पुढे कटकट नको. "तसं बघायला गेलं तर, वहिनी, तुमच्या लग्नाचा कागद कुठाय?"

तिच्या पायाखालची जमीन सरकली, हे खरं. पण जमीन सरकली म्हणून खाली बसायची तिची रीत नव्हती. "माझ्याच घरात मला एक खोली देणार?" ती म्हणाली. "उठा. दार मागे आहे. आणि मोजपट्टी घेऊन जा, तुमच्या डोक्याचं माप घ्यायला उपयोगी पडेल."

दुसऱ्या दिवशी ती विवाह नोंदणीच्या ऑफिसात गेली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' असा कागद, आणि तो कागदही जुना होऊन पिवळा पडलेला. भिंतीवर लागणाऱ्या कागदपत्रांचा फलक. दोघांच्या वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, दोघांचे फोटो, लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका किंवा लग्नातला फोटो, आणि लग्नाला स्वतः हजर असलेले तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. उशिरा नोंदणी करणाऱ्यांनी उशिराच्या कारणाचं प्रतिज्ञापत्र आणि विलंब शुल्क. लग्न लावणाऱ्याची सही, तो हयात नसल्यास तसं प्रतिज्ञापत्र. निबंधक एक बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं कोरडं. त्यांनी सगळं नीट सांगितलं, आणि शेवटी सांगितलं की पती-पत्नी दोघांनी स्वतः हजर राहायचं, त्याला पर्याय नाही.

"पत्रिका नाही," टचवाली म्हणाली.

"मग फोटो द्या. दोघं एकत्र दिसतील असा."

बाहेर जिन्याखाली अर्ज भरून देणारा टंकलेखक बसायचा. त्याने तिची कहाणी ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुम्ही टचवाल्या ना? मग रडताय कशाला? त्यांना नवरीच्या शेजारी उभं करून टाका. तुमच्या हाताला काय, दहा मिनिटांचं काम. इथे कोण भिंग लावून बघतंय?"

त्याचं बोलणं तिने तिथेच उडवून लावलं असं सांगायला आवडलं असतं. पण नाही. ती घरी आली, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, नवरा स्टुडिओच्या मागच्या भागात झोपला होता, झटक्यानंतर त्याची खाट खालीच आणली होती, आणि ती संगणकासमोर बसली. सासूने खांद्यावर हात ठेवलेला तो फोटो तिने उघडला. नवरीच्या दुसऱ्या बाजूला जागा मोकळी होती. त्याच काळातला नवऱ्याचा एक फोटो तिच्याकडे होता. त्याला तिथून अलगद उचलला, इथे आणून उभा केला. उजेड एका बाजूचा केला. त्याची सावली नवरीच्या बाहीवर पाडली. आजवर केलेल्या कामात इतकं सफाईदार काम दुसरं नव्हतं. खुद्द त्यालाही शंका आली नसती.

आणि ते बघता बघता तिच्या एकदम लक्षात आलं. हा माणूस त्या क्षणी तिथे नव्हताच. तो समोर होता, एक डोळा मिटून, "हनुवटी खाली, अजून खाली, हां" म्हणत. ती त्याच्याकडेच बघत होती. प्रत्येक फोटोत नवरीचे डोळे त्याच्यावर होते आणि हे बुजगावणं तिच्या शेजारी उभं राहून भलतीकडे बघत होतं. माझं लग्न खरं झालं, मग त्याचा पुरावा मी खोटा का देऊ? खोटं भिंती मोजणाऱ्यांनी बोलावं. तिने तो फोटो पुसून टाकला. संगणकाच्या कचरापेटीतूनही पुसला.

आत जाऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. मग म्हणाला, "उजेड... कुठून... घेतलास?"

"डावीकडून."

"चूक. उजवी... कडून होता." आणि तोंडाची एक बाजू वर करून हसला. ती रडली तेव्हा, पण राग आल्यासारखी रडली.

अर्जासोबत तिने तोच मूळ फोटो लावला, नवरी आणि सासूचा, आणि प्रतिज्ञापत्रात लिहिलं की लग्न लावणारे गृहस्थ आता हयात नाहीत आणि फोटो काढणारा स्वतः नवरा होता. निबंधकबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "यात नवरी एकटी आहे."

"ती कुणाकडे बघतेय ते बघा, मॅडम."

"नजर पुरावा होत नाही." बाईंच्या ओठांचा कोपरा हलला की काय, कळलं नाही. "तीन साक्षीदार आणा. बाकी मी बघते."

बहीण तयार होती. लॅबवाला मित्र तर म्हणाला, "त्या दिवशी मला कॅमेरा दिला असता तर आज ही वेळ आली असती का? येतो, आणि तुझ्या नवऱ्याला हे ऐकवायलाच येतो." तिसरा साक्षीदार मात्र मिळेना. हॉलमध्ये होती त्यातली बरीचशी माणसं वारली होती किंवा कुठल्या कुठे गेली होती. उरली होती सासू आणि धाकटा दीर. सासू राहायची दिराकडे. टचवालीने तिला फोन केला, तर फोन दिराने उचलला. "आईची तब्येत बरी नसते, वहिनी. आणि खरं सांगायचं तर, तिला आठवत नाही काही." वर त्याने हेही सांगून टाकलं की तो नोंदणीच्या ऑफिसात हरकत दाखल करतोय. दादाला आता समज उरलेली नाही, त्याच्याकडून सही करवून घेणं म्हणजे फसवणूक आहे.

"करा," ती म्हणाली. "आमच्या नोंदणीची जी तारीख आहे, त्याच दिवसाची घ्या. समोरासमोर होऊन जाऊ दे."

त्याने खरंच तीच तारीख घेतली. त्याला वाटलं, बरंच झालं, हिचं नाक सगळ्यांसमोर कापलं जाईल. आणि वजन पडावं म्हणून तो आईलाही घेऊन आला.

त्या दिवशी सकाळी टॅक्सी इमारतीसमोर थांबली. नवरा चाकाच्या खुर्चीत, धुतलेला सदरा, दाढी केलेली. लिफ्ट बंदच. शिपाई म्हणाला, "दोघंतिघं मिळून उचलून नेऊ या वर, काय!"

"उचलून न्यायला तो काय सिमेंटची गोणी आहे?" टचवाली कडाडली. "तुमची लिफ्ट बंद, त्याची शिक्षा त्याला? तो वर येणार नाही. तुमच्या मॅडमना खाली बोलवा." आणि ती एकटीच दोन जिने चढून गेली, धापा टाकत टेबलासमोर उभी राहिली. "त्यांनी तुमच्यासमोर हजर राहायचं, एवढाच नियम आहे ना? तुमच्यासमोर दुसऱ्या मजल्यावरच, असं कुठे लिहिलंय?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग कारकुनाला म्हणाल्या, "रजिस्टर घ्या. इमारतीच्या बाहेर नेता येणार नाही, पण खाली पोर्चमध्ये यायला हरकत नाही. ती लिफ्ट दुरुस्त करा म्हणून मी सुद्धा ओरडून दमलेय."

अशा रीतीने विवाह नोंदणीचं ऑफिस जिन्याखाली भरलं. टंकलेखकाचं टेबल रिकामं करून त्यावर रजिस्टर ठेवलं. रांगेतली माणसं कठड्यावरून वाकून बघायला लागली. दीर इस्त्रीचे कपडे घालून आईचा हात धरून उभा होता. टचवालीने सासूकडे पाहिलं. सासूने तोंड फिरवलं.

निबंधकबाईंनी हरकतीचा अर्ज वाचला. "तुमचं म्हणणं दोन मुद्द्यांचं आहे. एक, लग्न झालंच नव्हतं. दोन, तुमच्या भावाला समज नाही."

"हो मॅडम. आणि ही बाई फोटोंमध्ये वाटेल ते जोडते, तोच तिचा धंदा आहे. तिने लग्नाचा फोटो दिला असेल तर तो खोटा आहे. खरा हा बघा." त्याने पिशवीतून एक जुना फोटो काढून टेबलावर आपटला. "आमच्या घरातला आहे, आईने जपलेला. यात माझा भाऊ कुठेच नाही. तिच्या फोटोत तो असेल, मी पैजेवर सांगतो!"

बाईंनी फाइल उघडली, तिने दिलेला फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तीच नवरी, तीच सासू, तीच मोकळी जागा. केसाचाही फरक नव्हता.

दिराचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. तो गडबडीने म्हणाला, "पण... वहिनी, तुम्ही हा... मला वाटलं..."

"कोण वहिनी?" निबंधकबाईंनी शांतपणे विचारलं.

कठड्यावरची माणसं हसली. दीर घाम पुसायला लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोटो उचलला आणि सासूसमोर धरला. "आजी, नवरीच्या खांद्यावर हात ठेवून कोण उभं आहे?"

"आईला आठवत नाही," दीर म्हणाला.

"तू गप रे!" सासू एवढ्या जोरात ओरडली की शिपाई दचकला. तिने मुलाचा हात झटकला, काठी टेकत टेबलापर्यंत गेली. "आठवत नाही म्हणे. मीच आहे ती. दिसत नाही का? ही सून मला पसंत नव्हती. आजही फारशी नाही, तोंडाची फटकळ आहे. हॉलवर मी भांडायलाच गेले होते. पण माझ्या डोळ्यांसमोर लग्न लागलं, मी जेवले तिथे, आणि हा गाढव," तिने काठी धाकट्याकडे वळवली, "हा तिच्या मागे वाकुल्या दाखवत होता. आवडत नाही म्हणून काय झालेलं लग्न झालं नाही म्हणू? कुठे सही करायची ते दाखवा."

टचवालीला काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. हीच सासू लग्नानंतर सात वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. बायको नसती तर दुकानावर पहिला हक्क याच म्हातारीचा लागला असता. तिने सासूला हात द्यायला हात पुढे केला, तर सासू म्हणाली, "नको, मला उभं राहता येतं."

राहिला दुसरा मुद्दा. निबंधकबाई खुर्चीसमोर वाकून बसल्या. त्यांनी नवऱ्याला त्याचं नाव विचारलं, वय विचारलं, आज तो इथे कशाला आलाय हे विचारलं. प्रत्येक उत्तराला वेळ लागला, बाईंनी तो दिला. मधे कुणाला बोलू दिलं नाही. शेवटी विचारलं, "ही बाई तुमची कोण? आणि तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

तो शब्द शोधू लागला. मान आखडली, ओठ हलले. दीर पुढे सरकला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" टचवाली दातांवर दात दाबून उभी होती. शब्द पुरवणं तिला सहज जमलं असतं, रोज ती पुरवतच होती. पण हा शब्द तिचा नव्हता.

"बायको," तो म्हणाला. मग लाल होऊन, एकेक शब्द फेकल्यासारखा, "दबाव... तर... रोजच... आणते. ...सही... कुठे?"

बाईंनी खालच्या रकान्यात पेन्सिलने फुली करून दिली. त्याने डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी, पण त्याची. शेजारी तिने केली, मग बहिणीने, मित्राने, सासूने. आठवड्याभराने दाखला मिळाला. त्यावर लग्नाची तारीख होती ती त्या हॉलमधल्या दिवसाची. नोंदणीची तारीख तेवढी नवी.

त्या दाखल्याची प्रत बँकेत गेली, खात्याला तिचं नाव लागलं. मूळ दाखला तिने पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि झेरॉक्सचा गठ्ठा गल्ल्याखाली. दुकानात लग्नाचा अल्बम न्यायला जोडपं आलं की ती पैसे घेण्याआधी विचारायची, "नोंदणी केलीत का? नाही? मग अल्बम कसला घेऊन जाताय, आधी तिकडे जा. दोघं धडधाकट आहात तोवर जा." काही जण हसायचे. तिला त्याची पर्वा नव्हती.

पुढच्या वर्षी तो गेला. झोपेतच गेला, दुसऱ्या झटक्याने. ती कोसळली नाही असं गल्ली म्हणते, पण गल्लीला काय माहीत. महिनाभर तिने एकाही फोटोला हात लावला नाही. मग एक दिवस तिने मृत्यूचा दाखला आणि विवाहाचा दाखला घेतला आणि मालमत्तेच्या नोंदीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. कारकुनाने दोन्ही कागद पाहिले आणि विचारलं, "वारस म्हणून तुमचं एकटीचंच नाव लावायचं?"

तिला तसं लिहून देता आलं असतं. म्हातारी भांडायला आली नसती, धाकट्याला आता तोंड नव्हतं. "का?" ती म्हणाली. "त्यांची आई आहे की हयात. बायको आणि आई. जे खरं आहे ते लिहा."

धाकट्याला हे कळलं तेव्हा त्याचं प्रेम पुन्हा उफाळून आलं. आईचा हिस्सा म्हणजे आपलाच, असा त्याचा हिशेब. पण तोवर म्हातारी पिशवी आणि काठी घेऊन दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आली होती. कारण विचारलं तर म्हणे, तिकडचा जिना उंच आहे. दोघी सकाळपासून भांडायच्या. मीठ जास्त, पंखा कशाला, माझा चष्मा कुठे ठेवलास. दुपारी म्हातारी खाली येऊन गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाइकांना दटावायची.

एका दुपारी तो आलाच. हातात कागद, खिशात पेन. टचवाली आत कुणाचा तरी फोटो साफ करत होती. तिने ऐकलं, पण ती उठली नाही.

"आई, इथे फक्त एक सही कर. तुझा हिस्सा माझ्या नावावर झाला की तुला कटकट नको. ही वहिनी काय, शेवटी परकीच."

म्हातारीने कागद हातात घेतला. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सावकाश. मग त्याची घडी घालून त्याच्याच खिशात कोंबली.

"पासपोर्टचा फोटो काढायचाय का तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बाजूला हो. मागे गिऱ्हाईक खोळंबलंय."